पिशवीतलं पाश्चरीकृत दूध किती टिकतं आणि कुठे बिघडतं: छोट्या डेअरीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दिवसाला हजार-दोन हजार लिटर दूध पिशवीत भरणाऱ्या डेअऱ्यांचे आहेत. एक पाश्चरायझर, एक साठवण टाकी, एक पिशवी भरणारं मशीन, एक कोल्ड रूम आणि एक-दोन गाड्या एवढाच त्यांचा पसारा. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: दूध नीट तापवलं, नीट थंड केलं, तरी पिशवी छापलेल्या तारखेपर्यंत टिकत नाही.

पाश्चरीकरण बरोबर झालेलं असूनही दूध दोन-तीन दिवसांत का बिघडतं?

कारण बिघडवणारे जिवाणू बहुधा पाश्चरीकरणानंतर दुधात शिरलेले असतात. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद, किंवा टाकीतल्या पद्धतीने ६३ अंशांना ३० मिनिटं दूध ठेवलं, की रोगजंतू मरतात. फ्रीजच्या थंडीतही वाढणारे जिवाणू, मुख्यतः स्यूडोमोनास गटातले, तेही मरतात. हा गट उष्णतेपुढे अगदी दुबळा आहे. म्हणून तो पिशवीत सापडला, की तो पाश्चरायझरच्या पुढे कुठेतरी दुधात आला असं समजायचं आणि शोध तिथूनच सुरू करायचा.

उष्णतेतून वाचतात ते दोन प्रकारचे. काही उष्णता सोसणारे जिवाणू असतात. ते थंडीत फार सावकाश वाढतात आणि चार-पाच दिवसांच्या आयुष्यात सहसा त्रास देत नाहीत. दुसरे बीजाणू करणारे, उदाहरणार्थ बॅसिलस सेरियस. यातले काही प्रकार ७-८ अंशांनाही वाढतात, पण त्यांचा उपद्रव उशिरा दिसतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिशवी गेली असेल, तर तापवण्यात काय चुकलं हे शोधण्यात वेळ घालवू नका. फॉस्फेटेज चाचणी एकदा करून पाश्चरीकरण पूर्ण झाल्याची खात्री करा आणि पुढे सरका.

कच्च्या दुधाची एक गोष्ट मात्र इथे येतेच. कच्चं दूध दोन-दोन दिवस साठवून ठेवलं असेल, तर त्यात स्यूडोमोनासने आधीच प्रथिनं आणि स्निग्धांश फोडणारी विकरं सोडलेली असतात. जिवाणू पाश्चरीकरणात मरतात, ही विकरं टिकून राहतात. मग पिशवीत जिवाणू जवळजवळ नसतानाही दूध कडवट किंवा खवट होत जातं.

पिशवीचं आयुष्य नेमकं कशावर ठरतं?

दोन आकड्यांवर: भरताना पिशवीत किती जिवाणू गेले, आणि ते किती वेळात दुप्पट होतात. पहिला आकडा सफाईचा आणि सीलचा, दुसरा तापमानाचा.

थंडीत वाढणारे जिवाणू ४ अंशांना साधारण ८ तासांत दुप्पट होतात असं धरा, ७ अंशांना ५ तासांत आणि १० अंशांना ३ तासांत. जातीप्रमाणे हे कमीजास्त होतं, पण हिशेबाला पुरेसं आहे. दुधाचा वास-चव बदलल्याचं जिभेला कळू लागतं तेव्हा मिलिलिटरमागे जिवाणूंची संख्या एक कोटीच्या आसपास पोचलेली असते.

आता समजा भरताना मिलिलिटरमागे एक जिवाणू गेला. एकाचे एक कोटी व्हायला साधारण २३ वेळा दुप्पट व्हावं लागतं. ४ अंशांना २३ गुणिले ८, म्हणजे १८४ तास, साडेसात दिवसांहून थोडं जास्त. ७ अंशांना ११५ तास, पावणेपाच दिवस. १० अंशांना ६९ तास, तीन दिवससुद्धा नाहीत. दूध तेच, पिशवी तीच. फरक फक्त सहा अंशांचा.

या हिशेबात सुरुवातीचा स्थिरावण्याचा काळ धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो. पण तुलना करायला हाच हिशेब ठेवा. त्यात एक गोष्ट दडलेली आहे. मिलिलिटरमागे एकाऐवजी अर्ध्या लिटरच्या पूर्ण पिशवीत मिळून एकच जिवाणू गेला, तर सुरुवात पाचशे पटींनी कमी संख्येवरून होते आणि बिघडायला नऊ दुपटी जास्त लागतात. ७ अंशांना नऊ दुपटी म्हणजे ४५ तास. जवळजवळ दोन दिवस, तेही थंडीवर एक पैसा जास्त खर्च न करता.

एका पिशवीचा प्रवास तासांत मांडून दाखवाल का?

एक नमुन्याची डेअरी घेऊ. संध्याकाळी दूध पाश्चराइज होतं आणि पाश्चरायझरमधून ४ अंशांना बाहेर पडतं. साठवण टाकीत ते ५ अंशांवर जातं. भरण सुरू झाल्यावर टाकी रिकामी होत जाते, ढवळणी फिरत राहते, मशीनवरच्या छोट्या हौदात दूध वाट पाहत थांबतं, आणि शेवटच्या तासाच्या पिशव्या ८ अंशांना भरल्या जातात. कोल्ड रूमची हवा ३ अंश, पण पहाटे गाडी भरताना थप्पीच्या मधल्या पिशव्या अजून ६-७ अंशांवरच असतात. गाडी बंदिस्त आहे, पण तिला थंडावा नाही. चार तासांच्या फेरीत दूध सरासरी ११ अंशांवर राहतं. दुकानाच्या फ्रीजमध्ये ते १० अंशांना दहा तास पडून असतं आणि मग घरी ७ अंशांच्या फ्रीजमध्ये जातं.

मिलिलिटरमागे एक जिवाणू धरून दुपटी मोजू. कोल्ड रूमचे आठ तास ७ अंशांना: दीड दुपटीपेक्षा थोड्या जास्त. गाडीचे चार तास: दीड. दुकानाचे दहा तास: तीन-सव्वातीन. घरी पोचेपर्यंत २३ पैकी साडेसहा दुपटी खर्च झाल्या. उरलेल्या साडेसोळा घरच्या फ्रीजमध्ये साधारण ८३ तास पुरतात. भरल्यापासून बिघडेपर्यंत एकूण सुमारे १०५ तास, म्हणजे चार दिवस आणि वर काही तास.

आता हाच प्रवास चांगल्या शीतसाखळीत बघू: कोल्ड रूममध्ये खरोखर ४ अंश, गाडीत ६, दुकानात ५. घरी पोचेपर्यंत साधारण तीनच दुपटी होतात. वाचलेल्या साडेतीन दुपटींनी घरी सतरा-अठरा तास वाढवून दिले. हे काही थोडं नाही. पण मशीनच्या सफाईने मिळणारे ४५ तास याच्या अडीचपट आहेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गाडीला थंडावा बसवण्याआधी भरण मशीनची सफाई आणि भरतानाचं तापमान सुधारा. गाडीचा खर्च त्यानंतर.

याला एक अपवाद. गाडी किंवा दुकान नुसतं थोडं गरम नसून पिशव्या २५ अंशांना तासन्‌तास उघड्यावर असतील, तर हिशेब पालटतो. तिथे तासाभरात एक दुप्पट सहज होते. बाहेरचा एक तास म्हणजे घरच्या फ्रीजमधले पाच तास गेले. सहा तास बाहेर राहिलेल्या पिशवीचा सव्वा दिवस संपलेला असतो, मग ती नंतर कितीही थंड करा.

भरताना दूध ८-९ अंश असलं तरी कोल्ड रूममध्ये ते थंड होईलच ना?

रात्रभरात पुरेसं होत नाही. छोट्या डेअरीतला हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे.

दूध थंड करायचं काम पाश्चरायझरच्या शीतकरण भागाचं. तिथे दुधाचा पातळ थर धातूच्या पत्र्यापलीकडच्या थंडगार पाण्याला लागून वाहतो आणि काही सेकंदांत ४ अंशांवर येतो. कोल्ड रूममध्ये थंडी हवेतून यायची असते, आणि हवा उष्णता फार हळू ओढून घेते. एकटा क्रेट मोकळ्या हवेत ठेवला, तर तो काही तासांत बऱ्यापैकी उतरतो. पण एकमेकांना चिकटवलेल्या क्रेटच्या थप्प्या लावल्या, की मधल्या क्रेटला हवा लागतच नाही. बाहेरच्या पिशव्या ४ अंशांना आणि मधल्या रात्रभरात जेमतेम दोन-तीन अंश उतरलेल्या, असं चित्र दिसतं.

म्हणून भरताना मशीनच्या नळीतून पडणारं दूध ४ अंशांच्या आसपास हवं, फार तर ५. कोल्ड रूमने ते तिथे टिकवायचं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवा. शेवटच्या तासात तापमान चढत असेल, तर तीन गोष्टी बघा. टाकीची ढवळणी सतत फिरते आहे का? ती थांबून-थांबून चालवली तरी साय वर येणार नाही एवढं पुरतं, आणि ढवळण्याची उष्णताही कमी होते. मशीन मध्येच अडून राहतं का? अडलेल्या वेळात हौदातलं आणि नळीतलं दूध तापतं. आणि टाकीपासून मशीनपर्यंतची पाइपलाइन उघडी आहे का? तिला इन्सुलेशन घालणं हा या सगळ्यातला स्वस्त उपाय आहे.

कोल्ड रूममध्ये थप्प्या भिंतीपासून आणि एकमेकींपासून निदान चार बोटं सोडून लावा, आणि खाली पॅलेट असू द्या. हवेला जायला वाट हवी.

भरण मशीनची सफाई नेमकी कुठे कमी पडते?

पाइप आणि टाकीतून सीआयपी, म्हणजे भाग न उघडता आतून फिरवायचं धुण्याचं द्रावण, फिरतं, पण मशीनच्या तोंडाशी ते नीट पोचत नाही. दूध सोडणारी नळी, तिचा व्हॉल्व्ह, त्यातली रबरी सील, हौदाचं झाकण, फ्लोट आणि त्याची दांडी हे भाग दररोज सुटे करून ब्रशने हाताने धुवायला हवेत. रबराला बारीक भेग पडली, की तिच्यात दूध अडकतं आणि तिथे जिवाणूंचा चिकट थर बसतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. तो एकदा बसला, की नुसत्या जंतुनाशकाने जात नाही, कारण वरचा थर आतल्या जिवाणूंना झाकून घेतो. भेगाळलेलं रबर धुण्यापेक्षा बदला.

क्रम असा ठेवा. दूध संपल्याबरोबर कोमट पाण्याने खळखळून धुणं; सुरुवातीलाच कडक गरम पाणी वापरलं तर प्रथिनं पृष्ठभागावर भाजून चिकटतात. मग एक ते दीड टक्का कॉस्टिक ७० ते ७५ अंशांना पंधरा-वीस मिनिटं. पुन्हा पाणी. ठरावीक दिवसांनी सौम्य नायट्रिक आम्लाची फेरी, कारण दुधाचे क्षार कॉस्टिकने निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी भरण सुरू करण्याच्या अगदी आधी गरम पाण्याने किंवा क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुकीकरण. आम्ल आणि क्लोरीन मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू सुटतो.

पाश्चरायझरच्या शीतकरण भागातली एखादी प्लेट भेगाळली असेल, तरीही थंड पाण्यातले जिवाणू दुधात येतात. म्हणून त्या भागात दुधाचा दाब थंड पाण्याच्या दाबापेक्षा जास्त ठेवतात. भेग पडली तर दूध पाण्यात जावं, पाणी दुधात येऊ नये. चिलरचं पाणी गढूळ किंवा दुधट दिसू लागलं, तर त्याच दिवशी प्लेट तपासा.

सील कसं तयार होतं आणि सेटिंग कुठे बिघडतं?

फिल्मचा रोल मशीनवर नळीसारखा वळतो, उभं सील बसतं, आत दूध पडतं आणि आडवा जॉ एकाच दाबात खालच्या पिशवीचं वरचं सील, वरच्या पिशवीचं खालचं सील आणि मधला काप घेतो. यातली खरी अडचण अशी की आडवं सील दूध आत असतानाच, दुधातून दाबून घेतलं जातं. दोन थरांमध्ये दुधाचा पातळ पापुद्रा आणि स्निग्धांश असतो. जॉचा दाब त्याला बाजूला सारतो आणि मग फिल्म वितळून एकजीव होते.

दुधाच्या फिल्मचं पॉलिथिन साधारण ११० ते १२५ अंशांच्या दरम्यान वितळतं. पण इम्पल्स पद्धतीच्या मशीनवर तुम्ही तापमान लावत नाही. नायक्रोमच्या पट्टीत किती वेळ वीज जाणार आणि नंतर जॉ किती वेळ दाबून थंड होऊ देणार, हे लावता. या दोन वेळांपैकी दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं. वितळलेलं सील दाबाखाली घट्ट होण्याआधी जॉ उघडला, तर दुधाच्या वजनाने ते ओलं असतानाच ताणलं जातं. नजरेला ठीक दिसतं, गाडीत हिसके बसले की सुटतं. जॉमधून फिरणारं थंड पाणी बंद पडलं किंवा गरम झालं, की नेमकं हेच होतं. म्हणून पहिल्या तासाच्या पिशव्या चांगल्या आणि तिसऱ्या तासाच्या गळक्या असा प्रकार दिसला, तर पट्टीची वीज वाढवू नका. आधी जॉचं पाणी हाताने तपासा.

नवा रोल लावल्यावर सेटिंग बदलावंच लागतं. ५५ मायक्रॉनची फिल्म आणि ६० मायक्रॉनची फिल्म एकाच वेळेत सारखी वितळत नाहीत, आणि एकाच जाडीची दोन कंपन्यांची फिल्मही वेगळी वागते. टेफ्लॉन पट्टी जळून काळी पडली किंवा तिला घडी पडली, की फिल्म तिला चिकटते आणि सीलवर केसाएवढी भोकं राहतात. टेफ्लॉन स्वस्त आहे. तो वेळेआधी बदललेला बरा.

सील चांगलं आहे हे मशीनवरच कसं कळेल?

हाताने. पिशवी रिकामी करून सीलच्या दोन्ही बाजू धरा आणि सावकाश ओढा. चांगलं सील उघडत नाही. फिल्म लांबते आणि सीलच्या शेजारी फाटते. सील चेनसारखं सरळ उलगडत गेलं, तर ते थंड बसलं आहे, उष्णता किंवा वेळ कमी पडतो आहे. सीलची कड पातळ, काचेसारखी झाली असेल, तिथे मणी किंवा धागे ओघळले असतील, तर ते जळलं आहे. असं सील वजन झेलत नाही. आडवं आणि उभं सील जिथे एकमेकांना छेदतात तिथे फिल्मचे थर जास्त असतात, आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. ओढून बघताना तो कोपरा विसरू नका.

बारीक भोकांसाठी दोन चाचण्या पुरतात. भरलेली पिशवी दोन तळव्यांमध्ये दहा सेकंद घट्ट दाबून धरायची आणि खाली कोरडा कागद ठेवायचा. आणि दर तासाला एक पिशवी रिकामी करून, धुऊन, हवा भरून पाण्याखाली दाबायची. बुडबुडा जिथून येतो तिथे भोक. दर तासाला, प्रत्येक रोल बदलल्यावर आणि प्रत्येक थांब्यानंतर या चाचण्या झाल्या, तर क्रेटच्या क्रेट खराब होण्याची वेळ येत नाही.

बारीक गळतीने नुसतं थोडं दूध सांडतं की टिकाऊपणाही जातो?

टिकाऊपणा जातो. जिथून दूध बाहेर येतं तिथून पाणी आत जातं. पिशवी थंड होताना आतला द्रव किंचित आकसतो, आणि बाहेर दव, क्रेटचं धुवण किंवा बर्फाचं पाणी असेल तर ते थेंबभर आत ओढलं जातं. त्या थेंबातले जिवाणू मशीनवरच्या सगळ्या सफाईवर पाणी फिरवतात. शिवाय गळलेलं दूध बाकीच्या पिशव्यांना लागतं, आंबतं आणि क्रेटला कायमचा वास बसतो.

गळक्या पिशव्यांचं दूध फाडून त्याच दिवशीच्या पाश्चरीकृत टाकीत परत ओतू नका. ही सवय काही ठिकाणी आहे आणि ती पूर्ण टाकीचं आयुष्य कापते. मशीनवरच फुटलेलं, थंड राहिलेलं दूध पुन्हा पाश्चरीकरणातून जाऊ शकतं. बाजारातून परत आलेली पिशवी मात्र पिण्याच्या दुधात परत घेऊच नये.

गाडीत किती थंडी लागते? बर्फ पुरतो का?

लक्ष्य साधं ठेवा: गाडीत चढताना ४ ते ५ अंश, शेवटच्या दुकानात उतरताना ७ च्या आत.

दुधाला एक अंश तापायला किलोमागे साधारण ३.९ किलोज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषून घेतो. १२ लिटरचे ३० क्रेट, म्हणजे ३६० लिटर दूध, फेरीत ३ अंश तापणार असेल, तर ती उष्णता सुमारे ४,३०० किलोज्यूल होते. ती ओढायला १३ किलो बर्फ पुरेसा. फार नाही. पण हा बर्फ दुधाची उष्णता ओढतो असं धरलं आहे. गाडीचं दार उघडं, छत तापलेलं आणि बर्फ एका कोपऱ्यात असेल, तर तो हवेच्या उष्णतेतच संपतो. थंड हवा खाली उतरते, म्हणून बर्फाचे पॅक थप्पीच्या वर ठेवा. सुटा बर्फ क्रेटमध्ये टाकू नका. वितळलेल्या पाण्याचं काय होतं ते वरच्या उत्तरात आलंच आहे.

सुट्या पिशवीचं काय होतं तेही बघा. अर्ध्या लिटरची एकटी पिशवी ३० अंशांच्या हवेत ठेवली, तर सुरुवातीला दर तीन-चार मिनिटांना अंदाजे एक अंश तापते. तीच पिशवी बंद, भरलेल्या क्रेटच्या मध्यभागी असेल तर कित्येक पट हळू तापते. म्हणून दुकानात उतरवताना क्रेट बाहेर ठेवून पिशव्या मोजत बसणं टाळा. मोजणी कोल्ड रूममध्ये करा, दुकानात क्रेट मोजा. फेरीचा क्रम लावून शेवटी उतरणारा माल गाडीत आत आणि पहिला उतरणारा दाराशी ठेवला, तर दार कमी वेळ उघडं राहतं.

पिशवी न फोडता दुधाचं तापमान कसं मोजायचं?

क्रेटच्या मधल्या दोन पिशव्या घ्या, त्यांच्या मध्ये थर्मामीटरची दांडी ठेवा, दोन्ही पिशव्या घट्ट दाबून धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, साधारण दोन मिनिटं. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर पटकन आकडा देतो, पण तो फक्त पृष्ठभागाचा असतो. पिशवीवर दव असेल तर तो दवाचंच तापमान सांगतो. चाळणी म्हणून वापरा, निर्णय त्यावर घेऊ नका.

थर्मामीटर महिन्यातून एकदा कुटलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या रबडीत धरा. तिथे त्याने शून्य दाखवायला हवं. कोल्ड रूमच्या भिंतीवरचा आकडा हवेचा असतो. दार उघडलं की तो उडतो आणि लगेच खाली येतो. दुधाचं तापमान त्यावरून कळत नाही.

दूध गोठलं तर चालेल का?

नाही. दूध शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठू लागतं. गोठून वितळलं की स्निग्धांशाचे कण फुटतात, वर तुपकट थेंब दिसतात, आणि फुगलेल्या बर्फाने सीलवर ताण येतो. कोल्ड रूमच्या पंख्यासमोरची रांग तपासत राहा.

परत आलेल्या पिशवीवरून दोष कुठला आहे ते ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी. उघडून वास घ्या आणि थोडं तापवून बघा. दूध स्वच्छ आंबट झालं असेल आणि तापवताच फाटत असेल, तर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढलेत. त्यांना ऊब आवडते, म्हणजे पिशवी कुठेतरी बराच वेळ गरम राहिली. गाडी आणि दुकान तपासा.

आंबटपणा नाही, पण कडू, फळासारखा किंवा कुजकट वास आहे, तर स्यूडोमोनास. पिशवी बहुधा थंडच राहिली होती, दूषण मात्र मशीनवर झालं. फुगलेली पिशवी म्हणजे वायू करणारे कोलिफॉर्म. तेही पाश्चरीकरणात टिकत नाहीत, म्हणून दोष पुन्हा सफाईचा किंवा सीलचा. आणि आंबट नसलेलं दूध उशिरा, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर गोडसर अवस्थेतच फाटत असेल, किंवा वर सायीचे तुकडे तरंगत असतील, तर बॅसिलस सेरियसचा संशय घ्या. मग कच्चं दूध आणणाऱ्या कॅन आणि टाक्यांची सफाई बघायची.

एकच पिशवी परत आली तर सील बघा. एकाच तासाच्या बऱ्याच पिशव्या आल्या तर मशीन. एकाच फेरीच्या आल्या तर गाडी. त्यासाठी पिशवीवर तारखेबरोबर भरल्याचा तास छापलेला हवा. छपाईचा तो एक आकडा नसेल, तर हा शोध लागतच नाही.

दूध घरी उकळायलाच हवं का?

शीतसाखळी न तुटलेलं पाश्चरीकृत दूध उकळल्याशिवाय प्यायला सुरक्षित असतं. पिशवी बराच वेळ बाहेर राहिल्याची शंका असेल तर उकळून लगेच वापरावं. पण आधीच तयार झालेला वास किंवा कडवटपणा उकळून जात नाही, आणि काही जिवाणूंची विषंही उकळीला दाद देत नाहीत. फोडलेली पिशवी झाकलेल्या भांड्यात, फ्रीजच्या दारात नव्हे तर आतल्या भागात ठेवून दोन दिवसांत संपवावी.

पिशवीवर किती दिवसांची तारीख टाकावी?

दुसऱ्या डेअरीची तारीख उतरवू नका. तुमच्या मशीनची सफाई तुमची आहे. भरणाच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या तासातल्या प्रत्येकी दहा-बारा पिशव्या बाजूला काढा. अर्ध्या ४ अंशांना ठेवा, अर्ध्या ८ अंशांना. ८ यासाठी की ग्राहकाचा फ्रीज तसा असतो. दररोज प्रत्येक गटातली एक पिशवी फोडून वास, चव, तापवल्यावर फाटतं का, आणि जमत असेल तर आम्लता व जिवाणूंची मोजणी नोंदवा. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१५ टक्के असते; ती चढू लागली की पिशवी संपत आली.

८ अंशांच्या गटातली सगळ्यात आधी बिघडलेली पिशवी धरा. सरासरी नको, कारण ग्राहकाच्या हातात सरासरी पिशवी जात नाही. ती पाचव्या दिवशी गेली असेल तर तारीख तीन दिवसांची टाका. शेवटच्या तासाच्या पिशव्या पहिल्या तासाच्या पिशव्यांपेक्षा सतत आधी जात असतील, तर तारीख कमी करण्याआधी मशीनवरचं दूध का तापतं ते दुरुस्त करा आणि चाचणी पुन्हा घ्या. ऋतू बदलला, फिल्म बदलली किंवा दुधाचा नवा पुरवठादार जोडला, की ही चाचणी परत करायची.